खाडाखोड केलेल्या बिलावरचा कोणता आकडा धरायचा?

प्रश्न: मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते. नट-बोल्टच्या सप्लायरचं हाताने लिहिलेलं जीएसटी बिल आलंय. वजन २४० किलो होतं, त्यावर गिरवून २१० केलंय. दर ९२ रुपये. रक्कम २२,०८० खोडून १९,३२० आणि तळाची एकूण २६,०५४ खोडून २२,७९८ लिहिलीय. जुने-नवे दोन्ही आकडे स्पष्ट वाचता येतात. सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या ओळी (प्रत्येकी १,९८७.२०) आणि अक्षरी रक्कम जुनीच आहे. खाडाखोडीपाशी कुणाची सही नाही. मालक म्हणतात, कमी आकडा टाक आणि मोकळी हो. टॅलीत नक्की काय टाकू?

उत्तर:

आज काहीच टाकू नका. मालकांचं म्हणणं व्यवहाराला धरून वाटतं, पण ‘कमी असेल तो आकडा धरायचा’ असा कुठलाही नियम नाही. ‘नवा असेल तो धरायचा’ असाही नाही. दोन आकडे दिसणारं बिल तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की हा कागद लिहिला गेल्यानंतर कुणीतरी मत बदललं. ते कुणी बदललं, कधी बदललं आणि माल खरोखर किती आला, हे बाहेरून शोधावं लागतं. माल गेटवर किती भरला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निर्णय तर त्यावरच अडलाय. त्याकडे येतोच. त्याआधी तुमच्या बिलावरच जे सापडतं ते काढून घेऊ, कारण या बिलात बरंच काही लिहून ठेवलेलं आहे.

कॅल्क्युलेटर घ्या आणि आधी जुनी साखळी लावा. २४० गुणिले ९२ म्हणजे २२,०८०. त्यावर नऊ टक्के १,९८७.२०, ते दोनदा. बेरीज २६,०५४.४०, राउंड केल्यावर २६,०५४. म्हणजे जुने आकडे वरपासून खालपर्यंत एकमेकांना बरोबर जुळतात. याचा अर्थ हे बिल लिहिताना पेन घसरलेला नाही. लिहिणाऱ्याने २४० किलो मनात धरूनच अख्खं बिल पूर्ण केलं, कर काढला, अक्षरी रक्कम लिहिली आणि बदल त्यानंतर झाला.

लिहिता लिहिता चूक लक्षात आली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. समजा, त्याने २४० लिहिलं, लगेच जीभ चावली आणि २१० केलं. तर खालची रक्कम पहिल्याच फटक्यात, स्वच्छ, १९,३२० आली असती. फक्त वजनाच्या रकान्यात खाडाखोड, बाकी सगळं निर्मळ. अशा बिलाची मला फारशी काळजी वाटत नाही. म्हणून खाडाखोड किती ठिकाणी आहे यापेक्षा ती साखळीत कुठे थांबते हे बघा. ज्या ओळीपासून खालचे आकडे स्वच्छ आणि नव्या आकड्याशी जुळणारे आहेत, त्या ओळीच्या आधी चूक लक्षात आली होती. तुमच्याकडे तळाची एकूणसुद्धा खोडलेली आहे, म्हणजे बदल बिल पुरं झाल्यावरचा.

आता नवी साखळी. १९,३२० वर नऊ टक्के १,७३८.८०, दोन्ही मिळून ३,४७७.६०. बेरीज २२,७९७.६०, राउंड केल्यावर २२,७९८. तळाशी हाच आकडा आहे. इथे थोडं थांबा, कारण ही फार बोलकी गोष्ट आहे. ज्याने खोडलं त्याने कराच्या ओळींना हात लावला नाही, पण एकूण मात्र नवीन कर काढूनच लिहिली. टेम्पोवाल्याने किंवा तुमच्या स्टोअरमधल्या माणसाने घाईघाईत खोडलं असतं तर त्याने बहुधा तीस किलोचे २,७६० रुपये सरळ वजा केले असते आणि तळाशी २३,२९४ आलं असतं. इथे कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलंय आणि त्याला करासकट हिशेब करता येतो. तेव्हा बदल सप्लायरच्या ऑफिसात किंवा त्याच्या सांगण्यावरून झाला असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नाही, पण फोन कुणाला करायचा ते यावरून ठरतं.

अक्षरी रकमेबद्दल एक समज फार पसरलेला आहे: आकडा आणि अक्षर जुळत नसतील तर अक्षर खरं. हा नियम चेकचा आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १८ मध्ये तो आहे आणि चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांनाच लागू होतो. बिलावर अक्षरी रक्कम सगळ्यात शेवटी, तळाची एकूण बघून लिहितात आणि बदल करताना ती हमखास राहून जाते. त्यामुळे तुमच्या बिलावरची ‘सव्वीस हजार चोपन्न’ ही ओळ मूळ एकूण काय होती याची साक्षीदार आहे. देणं किती हे ती ठरवत नाही.

यानंतर बिल उजेडाखाली धरून वजनाचा आकडा नीट बघा. शाईचा एक साधा नियम आहे: शाई वाढवता येते, काढता येत नाही. म्हणून इंग्रजी आकड्यात एकाचा चार करणं, शून्याचा सहा किंवा नऊ करणं, तीनाचा आठ करणं सोपं जातं. उलट दिशेने करायचं तर जुन्या आकड्याचे उरलेले पाय बाहेर लोंबत राहतात. तुमच्या २४० आणि २१० मध्ये नेमकी हीच गाठ आहे, कारण चाराची उभी रेघ आणि एक यांत फरकच नाही. तिरकी रेघ, आडवी रेघ आणि उभी रेघ यांपैकी कोणती जास्त गडद आहे ते बघा. उभी रेघ ठळक आणि तिरकी-आडवी बाकीच्या आकड्यांइतकीच फिकट असेल, तर आधी चार होता आणि त्यावर एक गिरवलाय. उभी रेघ शेजारच्या दोनासारखी आणि तिरकी-आडवी वेगळ्या शाईची असेल, तर आधी एक होता आणि त्याचा चार केलाय. तुमच्या बाबतीत जुनी साखळी २४० ला जुळते आहे, त्यामुळे उभी रेघच ठळक निघायला हवी. ती तशी नसेल तर मात्र खाली जे सांगतोय ते सगळं बाजूला ठेवून आधी मालकांना दाखवा, कारण मग रकमेचे आकडेही मुद्दाम रचलेले असू शकतात.

मराठी आकड्यांत बिलं करणाऱ्यांच्या बाबतीत एक आणि नऊ यांची जोडी सांभाळा. घाईच्या हस्ताक्षरात ते इतके जवळ येतात की पुष्कळदा ती खाडाखोड नसतेच, माणसाने आकडा वाचता यावा म्हणून पुन्हा गिरवलेला असतो. गुणाकार करून बघितला की उलगडा होतो.

दुसरी जागा म्हणजे कार्बन कॉपी. बिलबुकाची वरची प्रत तुमच्याकडे येते आणि खालची सप्लायरकडे बुकातच राहते. सप्लायरला फोन करून त्या नंबरच्या कार्बन कॉपीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. बुकात असतानाच खोडलं असेल तर कार्बनवरही दोन्ही आकडे उमटलेले दिसतात. कार्बनवर फक्त जुना आकडा स्वच्छ असेल तर पान फाडल्यानंतर बदल झालाय, आणि मग सप्लायरच्या स्वतःच्या वहीत अजून २६,०५४ च येणं आहे. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही २२,७९८ टाकून मोकळ्या झालात तर वर्षअखेरीला खातेउतारा जुळवताना ३,२५६ रुपयांचा फरक उभा राहील आणि तोवर बोल्ट कधीच वापरून संपलेले असतील.

फोनवर काय विचारायचं तेही सांगतो. ‘शेठ, बिल २१० चं आहे ना?’ असं विचारू नका. हो म्हणणं फार सोपं असतं. ‘या नंबरच्या बिलाचा माल किती पाठवला होता आणि तुमच्याकडे किती रुपये येणं दिसतंय?’ असं विचारा आणि आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या. बहुतेक वेळा उत्तर अगदी सरळ निघतं: ‘मॅडम, पोत्यावर लिहिलेलं वजन धरून बिल केलं होतं, गाडी भरताना काट्यावर कमी भरलं, म्हणून खोडून दिलं.’ असं असेल तर प्रश्न हेतूचा राहत नाही, फक्त कागद नीट करायचा राहतो.

आता माल. गेटवरची काटा चिठ्ठी, आवक रजिस्टरमधली ओळ, स्टोअरची माल मिळाल्याची पावती म्हणजे जीआरएन आणि सप्लायरचं चलन हे कागद समोर ठेवा. यातला सगळ्यात भरवशाचा कागद तो, जो बिल न बघता तयार झालाय. पुष्कळ ठिकाणी स्टोअरवाला बिलावरचाच आकडा जीआरएनमध्ये उतरवतो. मग तो जीआरएन म्हणजे त्याच बिलाची दुसरी प्रत, पडताळा नव्हे. काटा चिठ्ठीवर वेळ आणि गाडी नंबर असतो, ती बिल न बघता तयार होते, म्हणून तिचं वजन जास्त.

काट्यावर २१० भरलं असेल तर तुमचं देणं २१० किलोचं, म्हणजे २२,७९८ च्या आसपास. मालकांचा आकडा बरोबर ठरतो, पण ‘कमी आहे म्हणून’ नव्हे, तेवढाच माल आला म्हणून. काट्यावर २४० भरलं असेल तर कमी आकडा टाकणं ही चूक आहे. मग एकतर सप्लायरने चुकून स्वतःचं नुकसान केलंय, किंवा २४० आला आणि तीस किलो खराब म्हणून परत गेला. तसं असेल तर परत गेलेल्या मालाचं वेगळं चलन हवं. बिलावर वजन खोडून परतीचा माल दाखवणं चुकीचं, कारण आत आलेला आणि बाहेर गेलेला माल दोन्ही रजिस्टरमध्ये दिसायला हवेत.

माल २१० आला असं धरून पुढे जाऊ, कारण तुमच्या बिलावरच्या खुणा तिकडेच बोट दाखवतात.

आता तिसरा कागद, तो म्हणजे पोर्टलवरचा. सप्लायरने हे बिल त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे GSTR-1 मध्ये, कोणत्या आकड्याने भरलंय? दरमहा रिटर्न भरणारा असेल तर त्याची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची आणि तुमच्या क्रेडिटचा तक्ता, म्हणजे GSTR-2B, १४ तारखेला तयार होतो. तिमाही रिटर्न भरणारा असेल आणि मधल्या महिन्यांची बिलं चढवत नसेल तर तिमाही संपेपर्यंत ते दिसणारच नाही. म्हणून थांबून बघण्याऐवजी सरळ विचारा: ‘रिटर्नला कोणता आकडा गेलाय की जायचाय?’

अजून गेला नसेल तर सगळ्यात सोपं. हे बिल मूळ प्रतीसह परत द्या. त्याने बुकात दोन्ही प्रती एकत्र लावून ‘रद्द’ लिहावं, पुढच्या नंबरचं २१० किलोचं स्वच्छ बिल करावं आणि त्यावर ‘अमुक नंबरच्या रद्द बिलाऐवजी’ एवढी ओळ लिहावी. रद्द केलेले नंबर GSTR-1 मधल्या दस्तऐवजांच्या तक्त्यात दाखवायचे असतात, त्यामुळे पान फाडून टाकू नका असं त्याला आवर्जून सांगा. परत देण्याआधी खाडाखोडीच्या बिलाचा दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन तुमच्याकडे ठेवा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये दोन शाया एकच दिसतात आणि पुढे कुणी विचारलं तर हातात काही राहत नाही.

जुन्या आकड्याने रिटर्न भरून झालं असेल तर बिल रद्द करायचा हट्ट धरू नका. माल कमी निघाला किंवा बिलात रक्कम जास्त लागली, तर क्रेडिट नोट द्यायची ही तरतूद सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्येच आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ वाट तीच. क्रेडिट नोट तीस किलोची: माल २,७६०, सीजीएसटी २४८.४०, एसजीएसटी २४८.४०, एकूण ३,२५६.८०. काही सप्लायर ‘कर राहू द्या, मालाचेच पैसे कमी करतो’ म्हणून बिनजीएसटीची क्रेडिट नोट देतात. ती घेऊ नका. तीस किलो तुमच्याकडे आलेलेच नाहीत. जो माल आलाच नाही त्यावरच्या ४९६.८० रुपयांचं इनपुट क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही, आणि कर कमी न केलेल्या नोटेमुळे ते पैसे तुमच्या खिशातून जातील.

या वाटेने गेलात तर टॅलीत दोन नोंदी होतील. पहिली खरेदी, मूळ आकड्याने: माल २२,०८०, दोन्ही कर प्रत्येकी १,९८७.२०, पार्टीच्या खात्यावर २६,०५४, चाळीस पैसे राउंड ऑफला. दुसरी, सप्लायरच्या क्रेडिट नोटवरून तुमच्याकडे डेबिट नोट व्हाउचर: माल २,७६०, कर प्रत्येकी २४८.४०, पार्टीला ३,२५७, वीस पैसे राउंड ऑफला. पार्टीच्या खात्यावर उरतात २२,७९७. बिलावर मात्र २२,७९८ लिहिलंय. हा एक रुपया दोनदा राउंड केल्यामुळे आलाय, कुणाची चूक नाही. सप्लायरला २२,७९८ च हवे असतील तर द्या आणि रुपया राउंड ऑफला टाका. यावरून फोनाफोनी करू नका. मात्र क्रेडिट तपासा: १,९८७.२० वजा २४८.४० म्हणजे १,७३८.८०. २१० किलोवर काढलेला कर हाच होता. हे जुळलं की नोंद बरोबर बसली.

मधली एक परिस्थिती असते. सप्लायरने GSTR-1 भरलंय पण त्या महिन्याचं कर भरायचं रिटर्न, म्हणजे GSTR-3B, अजून भरलेलं नाही. तेव्हा त्याला GSTR-1A मधून तोच आकडा दुरुस्त करता येतो. तुमच्याकडे दुरुस्त आकडा पुढच्या महिन्याच्या GSTR-2B मध्ये येतो. तोवर पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची जी IMS ही सोय आहे, तिथे ते बिल Pending ठेवा. तिथे काहीच केलं नाही तर तुम्ही ते स्वीकारलं असं धरलं जातं आणि २४० किलोचं क्रेडिट आपोआप तुमच्या नावावर येऊन बसतं. एवढ्याशा वादासाठी Reject मारू नका. सप्लायर आपला आहे, चूक कबूल करतोय. त्याचं अख्खं बिल नाकारून त्याला कामाला लावण्यात अर्थ नाही.

पेमेंटचं काय? कागद पूर्ण होईपर्यंत सगळे पैसे अडवून ठेवणारे मालक मी खूप बघितलेत आणि मला ते पटत नाही. छोट्या सप्लायरला बावीस हजारही महत्त्वाचे असतात. ज्या रकमेवर दोघांचं दुमत नाही, म्हणजे माल मोजून ठरलेली कमी रक्कम, ती ठरल्या दिवशी द्या आणि फरक तेवढा क्रेडिट नोट येईपर्यंत रोखा. खात्यावर क्रेडिट नोट येईपर्यंत ३,२५७ शिल्लक दिसत राहतील. दिसू द्या. ती शिल्लकच तुम्हाला क्रेडिट नोटची आठवण करून देत राहते.

आता ऑडिटचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणारच. सीजीएसटी नियमावलीचा नियम ५६(८) नेमका यावरच आहे: हिशेबाच्या वह्या-कागदांतली नोंद खोडायची, पुसायची किंवा गिरवायची नाही; किरकोळ कारकुनी चूक सोडली तर चुकीची नोंद सहीनिशी रेघ मारून रद्द करायची आणि बरोबर नोंद त्यानंतर लिहायची. संगणकावर हिशेब असेल तर बदललेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. यातलं मर्म ध्यानात घ्या. जुना आकडा वाचता येतोय ही अडचण नाहीच. तो वाचता यायलाच हवा. एक सरळ रेघ, खाली जुना आकडा स्वच्छ, शेजारी नवा आकडा, पूर्ण सही आणि तारीख, ही मान्य होणारी दुरुस्ती. आकड्यावर आकडा गिरवणं ही अमान्य दुरुस्ती, कारण त्यात आधी काय होतं यावर वाद घालता येतो. तुमच्या बिलावर रकमेचे दोन आकडे पहिल्या प्रकारचे आहेत, फक्त सही नाही. वजनाचा आकडा दुसऱ्या प्रकारचा आहे. आणि सही करायचीच तर बिलाच्या तळाशी ज्याची सही आहे त्याचीच हवी. टेम्पो ड्रायव्हरच्या आद्याक्षरांचा काही उपयोग नाही.

मग सप्लायरला बोलावून नुसती सही घेतली तर? लहान, करविरहित किंवा कराला धक्का न लागणाऱ्या दुरुस्तीला मी सही पुरेशी मानतो. हमाली ३०० ची २०० केली, भाड्याच्या पावतीत चाळीस रुपये कमी झाले, तारखेत महिना चुकला, अशा ठिकाणी नवीन कागद मागत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पण जिथे करपात्र रक्कम बदलते तिथे सहीने काम भागत नाही. तुमच्या बिलावर आज सही घेतली तरी कराच्या ओळी १,९८७.२० च सांगत राहतील आणि पोर्टलवरचा आकडा त्या सहीने बदलणार नाही. कागद आणि पोर्टल यांच्यात फरक पडला की जीएसटीची नोटीस पोर्टलच्या आकड्यावरून येते.

ई-इन्व्हॉइस असेल तर हाताने खोडण्याला काहीच अर्थ नाही. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना ते १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. छापील प्रतीवर काहीही खोडा, क्यूआर कोड स्कॅन केला की मूळ रक्कमच येते. ते २४ तासांच्या आत रद्द करता येतं, त्यानंतर क्रेडिट नोट. त्यामुळे मोठ्या सप्लायरच्या छापील बिलावर पेनाने बदललेली रक्कम आली तर आधी स्कॅन करून बघा आणि सरळ परत पाठवा; तिथे साखळी, शाई, कार्बन यांपैकी कशातच पडू नका.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आजच ठरवून टाका: सप्लायरच्या बिलावर आपल्या कुणीही पेन चालवायचा नाही. स्टोअरवाल्यानेही नाही, तुम्हीही नाही, मालकांनीही नाही. माल कमी आला की स्टोअरवाला भल्या बुद्धीने बिलावरच गोल करून ‘२१०’ लिहितो, आणि तीन महिन्यांनी तो आकडा सप्लायरचा की आपला हे कुणालाच सांगता येत नाही. कमी-जास्त काय ते जीआरएनवर आणि चलनाच्या आपल्या प्रतीवर लिहायचं, ड्रायव्हरची सही तिथेच घ्यायची. बिलावर काही चिकटवायचंच असेल तर वेगळी चिठ्ठी स्टेपल करा: बिलावर दोन आकडे, काटा चिठ्ठी नंबर अमुक, माल २१०, सप्लायरशी अमुक तारखेला बोलणं झालं, क्रेडिट नोट येणं बाकी. हाच मजकूर टॅलीच्या नॅरेशनमध्येही टाका. ‘बिलाप्रमाणे’ एवढंच नॅरेशन असेल तर कोणत्या आकड्याप्रमाणे, हा प्रश्न पहिल्याच तपासणीत येईल.

आणि अशी बिलं एका साध्या यादीत टिपत चला: तारीख, पार्टी, जुना आकडा, नवा आकडा, माल कुणी उतरवून घेतला. एका बिलावरून कुणावर संशय घेऊ नका. पण यादीत एकच पार्टी आणि एकच आवक घेणारा माणूस पुन्हा पुन्हा दिसू लागला, किंवा दुरुस्त्या नेहमी वरच्या दिशेने जाऊ लागल्या, तर ते वेगळं प्रकरण आहे. आणखी एक खूण बघा. तुमच्याकडे समजा २५,००० पर्यंतची बिलं मॅनेजर पास करतो आणि त्यावरची मालक. तर खोडून २५,००० च्या खाली आणलेली बिलं वेगळी काढा. तुमच्या या बिलाचं तसंच झालंय: २६,०५४ चं २२,७९८. बहुधा योगायोगच असेल, काटा चिठ्ठी २१० सांगत असेल तर तो योगायोगच आहे. पण ती चिठ्ठी बघितल्याशिवाय तसं म्हणू नका.

तेव्हा क्रम असा ठेवा: आज काटा चिठ्ठी काढा आणि कार्बन कॉपीचा फोटो मागवा. दोन्ही २१० ला जुळले तर सप्लायरला रिटर्नबद्दल विचारा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे नवं बिल किंवा क्रेडिट नोट मागा. ते हातात येईपर्यंत माल स्टॉकला २१० किलोच घ्या, कारण रॅकवर तेवढाच आहे. काटा चिठ्ठीच नसेल तर बोल्ट अजून पोत्यात असतील, आजच वजन करून घ्या. एकदा ते जॉबला गेले की मग कुठलाच आकडा सिद्ध करता येणार नाही.